लीड नेमकी कुणाची?

गेली दोन वर्षं मी एका अमेरिकन क्लायंटचं मार्केटिंग सॉफ्टवेअर आणि त्यांचं सीआरएम एकमेकांना जोडायचं काम करतोय. सोप्या भाषेत सांगायचं तर इकडची लीड तिकडे ढकलायची. कामातला कोड सोपा, पण भांडणं जुनी. मार्केटिंगवाले म्हणतात, "आम्ही एवढ्या लीड्स दिल्या, तुम्ही फोनच केले नाहीत." सेल्सवाले म्हणतात, "तुम्ही दिलं ते सगळं भुसा होतं." हे भांडण आलं कुठून, हे शोधता शोधता बराच मागे गेलो. तर मंडळी, आजचा लेख त्याबद्दल.

सुरुवात बहुतेक जण १८९८ पासून करतात. फिलाडेल्फियातले जाहिरातवाले एलमो लुईस यांनी तेव्हा मांडलं, की जाहिरातीने आधी लक्ष वेधावं, मग रस टिकवावा, मग इच्छा निर्माण करावी. 'आणि कृती करायला लावावी' ही चौथी पायरी त्यांनी नंतर जोडली. १९२४ मध्ये विल्यम टाउनसेंड यांनी बाँड विकण्याबद्दलच्या पुस्तकात या पायऱ्यांना नरसाळ्याची उपमा दिली. वरून बरेच लोक आत येतात, खाली थोडेच पोचतात. आपलं 'सेल्स फनेल' ते हेच.

पण एक गोष्ट बघा. या नरसाळ्यात ग्राहकाच्या मनात काय चाललंय एवढंच आहे. विकणाऱ्याच्या ऑफिसात ते काम कुणाच्या टेबलावर आहे, याबद्दल एक अक्षर नाही. सगळं एकच सेल्समन करत होता, तोवर हे चालून गेलं. आयबीएमच्या नावाने ओळखली जाणारी बँट ही कसोटीसुद्धा त्या सेल्समनसाठीच होती. समोरच्याकडे बजेट आहे का, निर्णयाचा अधिकार आहे का, गरज आहे का, आणि कधी घ्यायचंय? चारही प्रश्न माणसाने माणसाला विचारायचे.

वेबसाइट आल्या आणि गणित बिघडलं. फॉर्म भरून पीडीएफ उतरवणारे हजारो लोक आले आणि प्रत्येकाला हे चार प्रश्न विचारणं अशक्य झालं. मग बँकवाल्यांची युक्ती कामाला आली. कर्ज देताना अर्जदाराला गुण द्यायची पद्धत तोवर जुनी झाली होती. डेव्हिड ड्युरँड यांनी १९४१ मध्येच चांगली आणि बुडीत कर्जं संख्याशास्त्राने वेगळी करून दाखवली होती, आणि १९५६ मध्ये बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी त्याच कल्पनेवर कंपनी काढली. लीड स्कोअरिंग म्हणजे तेच, फक्त कर्जाच्या जागी खरेदी.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एक कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर विकते. पीडीएफ उतरवली की १० गुण, ईमेल उघडली की २, किमतीचं पान बघितलं की १५. एकूण ५० झाले की लीड सेल्सकडे. इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी प्रोजेक्टसाठी पाच पीडीएफ उतरवतो आणि सहा ईमेल उघडतो. झाले ६२. दुसरीकडे ६०० माणसांच्या लॉजिस्टिक्स कंपनीच्या ऑपरेशन्स हेड बाई एकदाच येतात, किमतीचं पान बघतात, एक पीडीएफ घेऊन जातात. झाले २५. सेल्सचा फोन विद्यार्थ्याला जातो! बाई मात्र यादीत पडून राहतात.

चूक गुणांच्या आकड्यात नाही, बेरजेत आहे. 'हा माणूस आपला ग्राहक होऊ शकतो का' आणि 'त्याला सध्या किती रस आहे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. म्हणून १९९९ मध्ये टोरांटोत सुरू झालेल्या एलोक्वा या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षर आणि एक अंक अशी जोडी असते. अक्षर माणसाच्या हुद्द्यावरून आणि कंपनीवरून, अंक त्याच्या वागण्यावरून. विद्यार्थी झाला `D1`, बाई झाल्या `A3`. आता नियम लिहिता येतो: `A1`, `A2`, `B1` लगेच सेल्सकडे, `A3` कुणीतरी डोळ्यांनी बघावी, `D1` ला फक्त ईमेल पाठवत राहावं.

पण हे झालं छाननीचं. भांडण मिटवणारी खरी पायरी सिरियसडिसिजन्स या संशोधन कंपनीच्या 'वॉटरफॉल'मध्ये होती. २००० च्या दशकात हा आराखडा सगळीकडे पसरला. त्यात आधी चौकशी, मग मार्केटिंगने पात्र ठरवलेली लीड म्हणजे एमक्यूएल, शेवटी सेल्सने पात्र ठरवलेली एसक्यूएल आणि विक्री. पण या दोन पात्रतांच्या मध्ये एक छोटी पायरी आहे, सेल्सने 'स्वीकारलेली' लीड. एसएएल.

स्वीकारणं म्हणजे 'ही विकली जाईल' असं म्हणणं नव्हे. 'आपण ठरवलेल्या व्याख्येत ही बसते, आणि यापुढे ती माझी जबाबदारी' एवढंच. व्यवहारात त्यासाठी मुदत ठरवतात, समजा २४ तास. तेवढ्यात सेल्सने स्वीकारायची, नाहीतर कारण निवडून परत पाठवायची: चुकीचा नंबर, विद्यार्थी, बजेट पुढच्या वर्षी वगैरे. परत आलेली लीड कचऱ्यात जात नाही, मार्केटिंगकडे पुन्हा जोपासायला जाते. मुदत महत्त्वाची, कारण लीड फार लवकर थंड होते. २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत एक अभ्यास आला होता. चौकशी आल्यापासून तासाभरात संपर्क करणाऱ्या कंपन्यांना, आणखी तासभर जरी उशीर करणाऱ्यांपेक्षा, निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाशी खरं बोलणं होण्याची शक्यता जवळपास सातपट होती.

या पायरीमुळे स्कोअर बिघडलाय हेही कळतं. समजा एका तिमाहीत १०० लीड्स दिल्या, सेल्सने ८० स्वीकारल्या, २५ एसक्यूएल झाल्या. पुढच्या तिमाहीत मार्केटिंगचं टार्गेट वाढलं, कुणीतरी गुपचूप ५० ची मर्यादा ३५ वर आणली. आता २०० लीड्स, ९० स्वीकारल्या, एसक्यूएल २६. वरचा आकडा दुप्पट, खालचा तिथेच. मधला आकडा नसता तर दोष पुन्हा सेल्सच्या आळसावर गेला असता. कधी कधी कारण बाहेरचं असतं. २०२१ मध्ये ॲपलच्या मेल ॲपमध्ये ईमेलमधली चित्रं आधीच उतरवून ठेवायची सोय आली, आणि न वाचलेली ईमेलही 'उघडली' अशी दिसायला लागली. फुकटचे गुण!

एक अडचण मात्र बँकेकडून वारशाने आली आहे. ज्याला कर्ज नाकारलं तो फेडणारा होता की नाही, हे बँकेला कधीच कळत नाही. तसंच ज्या लीडला फोनच केला नाही, ती विकत घेणार होती का, हे स्कोअरला कधीच कळत नाही. मग तो स्वतःलाच बरोबर ठरवत राहतो. यावर उपाय साधा आहे, पण सेल्सला न आवडणारा: कमी गुणांच्या काही लीड्स चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून दर महिन्याला त्यांच्याकडे द्यायच्या. त्या लीड्स वरच्यांइतक्याच विकल्या गेल्या, तर गुणांचा तक्ता फाडून नव्याने लिहायचा.

२०१७ मध्ये सिरियसडिसिजन्सनेच वॉटरफॉल बदलला आणि एकट्या माणसाऐवजी खरेदी करणारा गट मोजायला सुरुवात केली. मोठ्या कंपनीत एकटा माणूस थोडाच निर्णय घेतो? आपल्या उदाहरणातल्या बाई आणि त्यांच्याच कंपनीतला आयटीवाला वेगवेगळे आले, तर जुन्या पद्धतीत दोन कमजोर लीड्स, नव्या पद्धतीत एक तगडी. पण गट मोजा नाहीतर माणूस, 'आता ही माझी' असं सेल्समधल्या कुणीतरी म्हणावंच लागतं. आमच्या सीआरएममध्ये त्यासाठी एकच बटण आहे, आणि माझ्या मते सगळ्या सिस्टिममधलं सगळ्यात महागडं बटण तेच.

असो. तुमच्या ऑफिसात नाकारलेल्या लीडचं पुढे काय होतं, जरा विचारून बघा.