डिगॉक्सिनची गोळी देण्याआधी नाडी का मोजायची? आणि डोस कधी थांबवायचा?

घरात हृदयाचा पेशंट असेल तर औषधांच्या डब्यात डिगॉक्सिनची छोटीशी गोळी असू शकते. ही गोळी देण्याआधी नाडी बघा, असं डॉक्टर किंवा नर्स सांगतात. पण नाडी नेमकी कशी बघायची आणि किती आली तर गोळी द्यायची नाही? समजून घेऊया.

ही गोळी काय करते?

डिगॉक्सिन फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीपासून मिळतं. ते हृदयाचं आकुंचन थोडं जोरकस करतं आणि वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारे विद्युत संदेश मंदावतं. त्यामुळे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे ठोके अनियमित आणि वेगाने पडत असताना, हृदयाची गती आटोक्यात येते.

अडचण अशी की उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार कमी अंतर आहे. शरीरात औषध जास्त साठलं तर हे संदेश गरजेपेक्षा जास्त अडवले जातात आणि नाडी मंदावते. म्हणून गोळीआधी नाडी मोजायची.

नाडी कशी मोजायची?

पेशंटला पाच मिनिटं शांत बसू द्या. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तुमची तर्जनी आणि मधलं बोट हलकेच ठेवा. अंगठा वापरू नका, कारण त्यात तुमचीच नाडी जाणवू शकते. मग घड्याळ लावून पूर्ण 60 सेकंद मोजा.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये काही ठोके इतके कमजोर असतात की ते मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून हॉस्पिटलमध्ये नर्स छातीच्या डाव्या बाजूला स्टेथोस्कोप लावून पूर्ण मिनिटभर ठोके मोजतात. ठोके अनियमित असताना बीपी मशीनवरचा नाडीचा आकडाही चुकू शकतो, त्यामुळे फक्त त्यावर विसंबू नका.

किती आली तर थांबायचं?

मोठ्या माणसांसाठी नेहमीचा नियम असा: नाडी मिनिटाला 60 पेक्षा कमी असेल तर गोळी देऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा. एखाद्या पेशंटसाठी डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर तोच पाळा. लहान मुलांची मर्यादा वेगळी असते, ती डॉक्टरांकडूनच घ्या.

एक उदाहरण पाहू

समजा, 74 वर्षांच्या आजी रोज सकाळी 0.25 मिलिग्रॅमची अर्धी गोळी घेतात. सोबत लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइडची गोळीही सुरू आहे. दोन दिवसांपासून त्यांना जुलाब होतायत आणि जेवण नकोसं झालंय.

नातीने नाडी धरली. पहिल्या 30 सेकंदांत 31 ठोके आले. दुप्पट केले तर 62, म्हणजे गोळी द्यायला हरकत नाही असं वाटेल. पण तिने पूर्ण मिनिट मोजलं तेव्हा पुढच्या 30 सेकंदांत 23 च ठोके आले. एकूण 54. थोड्या वेळाने पुन्हा मोजलं, तेव्हा 55.

आता गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना आकडा, वेळ, जुलाब, सुरू असलेली सगळी औषधं असं सगळं सांगायचं. जुलाब आणि फ्युरोसेमाइड या दोन्हींमुळे रक्तातलं पोटॅशियम घटतं आणि पोटॅशियम कमी असताना डिगॉक्सिनचा दुष्परिणाम लवकर होतो. शिवाय शरीरातलं पाणी कमी झालं की किडनीतून हे औषध बाहेर पडणं मंदावतं. अशा वेळी डॉक्टर ईसीजी, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि रक्तातली डिगॉक्सिनची पातळी तपासायला सांगू शकतात. ही पातळी शेवटच्या डोसनंतर किमान सहा तासांनी बघतात, त्यामुळे शेवटची गोळी कधी घेतली तेही सांगा.

नाडी 60 च्या वर असेल तर निर्धास्त राहायचं का?

नाही. डिगॉक्सिनच्या विषबाधेत नाडी नॉर्मल किंवा वेगवानही असू शकते. मळमळ, उलटी, भूक मरणं, सगळं पिवळसर-हिरवट दिसणं, दिव्यांभोवती वलय दिसणं, नव्याने गोंधळल्यासारखं वागणं ही लक्षणं दिसली तर आकडा काहीही असो, गोळी थांबवून डॉक्टरांना विचारा. एरवी अनियमित असणारी नाडी अचानक संथ आणि एकसारखी झाली तरी कळवा. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं किंवा धाप लागणं असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.

एक डोस चुकला तर?

किडनी नीट असेल तर शरीरातलं निम्मं डिगॉक्सिन कमी व्हायला साधारण दीड ते दोन दिवस लागतात. म्हणून एक गोळी थांबवल्याने असर लगेच संपत नाही, आणि साठलेलं औषधही लगेच उतरत नाही. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम देऊ नका. पुढची गोळी कधी आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. तोपर्यंत वहीत रोजची तारीख, वेळ आणि नाडीचा आकडा लिहून ठेवा.