टाइप १ आणि टाइप २ मधुमेह: नाव एक, पण बिघाड वेगळा कसा?

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला टाइप १ मधुमेह असल्याचं कळलं की घरात पहिला प्रश्न बहुधा हाच येतो: आजोबांनाही मधुमेह आहे, त्यांचं गोळीवर भागतं, मग हिला थेट इंजेक्शन कशाला? दोन्ही आजारांत रक्तातली साखर वाढते, म्हणून दोघांना नाव एकच पडलं. पण साखर वाढण्याचं कारण दोघांत वेगळं आहे, आणि त्यामुळे उपचारही वेगळे आहेत.

इन्सुलिन नेमकं काय करतं?

जेवणातली पोळी, भात, बटाटा यांचं पचन होऊन ग्लुकोज तयार होतं आणि ते रक्तात उतरतं. स्नायू आणि चरबीच्या पेशींना ते आत घ्यायला इन्सुलिनचा इशारा लागतो. हे इन्सुलिन पोटामागे असलेल्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी बनवतात.

इन्सुलिनची आणखी दोन कामं असतात, ती सहसा सांगितली जात नाहीत. यकृत स्वतःही ग्लुकोज बनवून रक्तात सोडत असतं, त्याला इन्सुलिन आवर घालतं. साठवलेली चरबी वितळू नये यावरही त्याचाच ताबा असतो. म्हणजे उपाशीपोटी, झोपेतही, शरीराला थोडं इन्सुलिन लागतंच.

टाइप १: बनवणाऱ्या पेशीच उरत नाहीत

रोगप्रतिकारक यंत्रणेचं काम जंतूंशी लढण्याचं असतं. टाइप १ मध्ये ती स्वतःच्याच बीटा पेशींना परकं समजून नष्ट करू लागते. हे बरेच महिने, कधी काही वर्षं आतल्या आत चालू असतं. उरलेल्या पेशी किल्ला लढवतात, म्हणून बाहेर काहीच दिसत नाही. पुरेशा पेशी उरल्या नाहीत की मग काही आठवड्यांतच लक्षणं उफाळून येतात. यात गोड खाण्याचा दोष नसतो आणि आईवडिलांच्या हातून काही राहून गेलेलं नसतं.

टाइप २: इन्सुलिन असतं, पण त्याचं ऐकलं जात नाही

टाइप २ मध्ये सुरुवातीला इन्सुलिन भरपूर असतं. पण स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी त्याला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. आनुवंशिकता, पोटाभोवती आणि यकृतात साठलेली चरबी, कमी हालचाल ही त्यामागची मोठी कारणं. त्यावर मात करण्यासाठी बीटा पेशी जास्त इन्सुलिन बनवतात. अनेक वर्षं हे निभावतं. पुढे त्या थकतात, मागणी पुरी पडत नाही आणि साखर हळूहळू वर चढते.

आता गोळीचं कोडं सुटतं. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताचं ग्लुकोज बनवणं कमी करतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी बीटा पेशींना जास्त इन्सुलिन सोडायला लावते. पण बीटा पेशीच उरल्या नसतील तर ही दुसरी गोळी कोणाला कामाला लावणार? आणि इन्सुलिन मुळातच नसेल तर मेटफॉर्मिन त्याची जागा घेऊ शकत नाही. इन्सुलिन तोंडाने घेऊनही उपयोग नाही. ते प्रथिन असल्यामुळे डाळीतल्या प्रथिनासारखं पोटात पचून जातं. म्हणून इंजेक्शन किंवा पंप.

एका उदाहरणातून समजून घेऊ

समजा, दहावीतली एक मुलगी आहे. तीन आठवड्यांपासून तिला सतत तहान लागते, रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं, भूक वाढली आहे आणि तरीही वजन ५ किलोने घटलं आहे. तपासणीत साखर ४०० निघते.

तिच्या अंगात साधारण ४ लिटर रक्त आहे. साखर १०० असते तेव्हा त्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम ४ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर ग्लुकोज असतो. ४०० ला तो १६ ग्रॅम होतो. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती पूर्णपणे परत शोषून घेऊ शकत नाहीत. साखर लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणून सारखी लघवी, आणि म्हणूनच तहान.

रक्तात साखर साचलेली असते, पण स्नायूंना ती मिळत नाही. इन्सुलिनचा आवर नसल्यामुळे यकृत आणखी ग्लुकोज ओतत राहतं. शरीर उपासमार समजून चरबी आणि स्नायू वितळवू लागतं. वजन घटलं ते यामुळे.

चरबी अशी बेसुमार वितळली की यकृत त्यातून किटोन बनवतं. किटोन आम्ल असतात. ते साचले की उलट्या, पोटदुखी, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास आणि खोल, जलद श्वास सुरू होतो. या अवस्थेला डीकेए म्हणतात आणि तिथे तातडीने रुग्णालय गाठावं लागतं. टाइप २ मध्ये थोडं इन्सुलिन शिल्लक असतं आणि चरबी रोखून धरायला तेवढं सहसा पुरतं. म्हणून तिथे डीकेए कमी दिसतो, पण अजिबात होत नाही असं नाही.

कोणता प्रकार आहे हे कसं ओळखतात?

केवळ वयावरून किंवा अंगकाठीवरून ठरवता येत नाही. किशोरवयात टाइप २ ही होतो, आणि वजनदार मुलांनाही टाइप १ होतो. मानेवर काळपट, मखमली त्वचा दिसली तर इन्सुलिनला प्रतिसाद कमी असल्याची शंका येते. रक्तात बीटा पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी, उदाहरणार्थ जीएडी, सापडल्या तर कौल टाइप १ कडे जातो. सी-पेप्टाइड ही दुसरी तपासणी. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा तेवढंच सी-पेप्टाइडही तयार होतं, त्यामुळे स्वतःचं उत्पादन किती उरलं आहे ते कळतं. टाइप १ मध्ये ते कमी होत जातं. सुरुवातीला मात्र ते बऱ्यापैकी असू शकतं, म्हणून एकाच आकड्यावर निकाल देत नाहीत.

सगळ्यात जास्त फसगत कुठे होते?

इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत अनेकांचा डोस झपाट्याने उतरतो. उरलेल्या बीटा पेशींना विश्रांती मिळते आणि त्या पुन्हा थोडं काम करू लागतात. याला हनिमून काळ म्हणतात. नेमकं याच वेळी कोणी कारल्याचा रस किंवा एखादं चूर्ण सुचवलेलं असतं, आणि साखर उतरल्याचं श्रेय त्याला मिळतं. मग इन्सुलिन बंद केलं जातं. पण रोगप्रतिकारक यंत्रणेचा हल्ला थांबलेला नसतो. काही महिन्यांत हा काळ सरतो, आणि इन्सुलिन नसेल तर डीकेए पुन्हा दारात उभा राहतो.

दुसरी चूक आजारपणात होते. ताप आहे, उलट्या होतात, पोटात अन्न नाही, म्हणून इन्सुलिनही नको असं वाटतं. पण यकृत आणि चरबी यांना आवर घालणारं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन उपाशीपोटीही लागतं. तापात तर गरज बहुधा वाढते. अशा वेळी डोस डॉक्टरांना विचारून बदलायचा असतो, थांबवायचा नसतो. साखर आणि किटोन तपासायचे असतात.

इन्सुलिन येण्याआधी

जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरोंटो इथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिलं गेलं. पहिलं इंजेक्शन पुरेसं शुद्ध नव्हतं आणि त्याचा फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केल्यावर त्याच महिन्यात तो पुन्हा देण्यात आला. साखर उतरली आणि लघवीतले किटोन गेले. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने जगवणं एवढाच उपाय डॉक्टरांच्या हाती होता. लिओनार्ड त्यानंतर १३ वर्षं जगला.