गाणं दबतं तेव्हा: गाडीतल्या दोन आवाजांचा इतिहास

ज्यांना कानाऐवजी डोळ्यांनी एपिसोड 'ऐकायचा' असतो, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलल्यासारखंच ठेवलंय, थोडंसं नीट केलंय इतकंच.

सुरुवात माझ्याच एका फजितीने करतो. मागच्या वर्षी समृद्धी महामार्गाने नागपूरकडून जालन्याला येत होतो. गाडी मी चालवत होतो, शेजारी मामा, मागे आजी. आजीची दुपारी डॉक्टरांकडे वेळ घेतलेली होती. मामाचा जुन्या गाण्यांचा पेनड्राइव्ह गाडीच्या स्टिरिओला लावलेला, आवाज मोठा. फोनवर मॅप सुरू होता. निधोन्याला उतरायचं होतं. फोन बोलला असणार, पण गाणं काही कमी झालं नाही आणि मला काहीच ऐकू आलं नाही. एक्झिट मागे पडल्यावर मामा म्हणाला, "अरे, ते आपलं होतं ना?" समृद्धीवर मधूनच वळता येत नाही. पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन परत यावं लागलं. आजीची वेळ गेली, नंबर दुसऱ्या दिवसावर गेला. आजी काही बोलली नाही, पण मामाने पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला.

घरी आल्यावर डोक्यात प्रश्न आला. एरवी फोनवरचं गाणं मॅप बोलताना आपोआप खाली जातं. मग त्या दिवशी का नाही गेलं? उत्तर शोधता शोधता पन्नास वर्षं मागे गेलो. आजचा एपिसोड त्यावरच.

माइकवाल्याचा हात

गाणं खाली घेऊन त्यावर बोलायचं, याला साउंडवाले 'डकिंग' म्हणतात. डक म्हणजे मान खाली घालणं. जुन्या वाड्याच्या बुटक्या दारातून जाताना आपण वाकतो आणि पलीकडे गेलो की पुन्हा ताठ होतो, तसंच.

हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी आठवा. भक्तिगीत जोरात सुरू असतं. लहान मूल हरवल्याची चिठ्ठी माइकवाल्याच्या हातात येते. तो आधी अँप्लिफायरवरचं गाण्याचं बटण खाली फिरवतो, मग बोलतो, मग बटण पुन्हा वर. रेडिओ स्टुडिओत हेच काम फेडर खालीवर सरकवून होतं. पुढे यासाठी यंत्र आलं. निवेदकाचा आवाज माइकमध्ये आला की ते यंत्र स्वतःच गाणं दाबतं आणि तो थांबला की सोडतं. म्हणजे यंत्राचा कान निवेदकाच्या आवाजाकडे असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जर्मनी, 1974: कॅसेट मध्येच थांबते

गाडीत गाणं थांबवून रस्त्याची माहिती सांगायची पहिली मोठी व्यवस्था पश्चिम जर्मनीत आली. 1974 मध्ये ब्लाऊपुंक्ट कंपनी आणि तिथली सार्वजनिक रेडिओ केंद्रं यांनी 'एआरआय' नावाची पद्धत सुरू केली. एफएम केंद्र आपल्या कार्यक्रमाबरोबर 57 किलोहर्ट्झवर एक जास्तीचा सिग्नल सोडायचं. तो माणसाला ऐकू येत नाही, पण रेडिओला कळतो. वाहतुकीची बातमी सुरू झाली की त्या सिग्नलमध्ये एक खूण यायची. ती पकडली की गाडीतला रेडिओ कॅसेट बाजूला ठेवून बातमी ऐकवायचा. आवाज अगदी कमी करून ठेवला असेल तर वाढवायचा. बातमी संपली की पुन्हा गाणं.

पुढे 1980 च्या दशकात युरोपात आरडीएस आलं आणि हीच सोय त्यात गेली. तिथे अनेक कार रेडिओंवर या बातम्यांसाठी वेगळा व्हॉल्यूम ठेवता यायचा. आज फोनमध्ये 'Guidance volume' दिसतं ना, त्याचा हा आजोबा.

एक फरक मात्र मोठा होता. एआरआयची बातमी सगळ्यांना एकच असायची. 'तुम्ही आता डावीकडे वळा' असं ती कुणा एकाला सांगू शकत नव्हती.

बोस्टन, 1989: मागच्या सीटवरचा माणूस

ते काम अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जिम डेव्हिस नावाच्या संशोधकाने केलं. 1989 च्या त्याच्या पीएचडीच्या प्रकल्पाचं नाव होतं 'बॅक सीट ड्रायव्हर', म्हणजे मागे बसून सूचना देणारा माणूस. आपल्याकडे प्रत्येक गाडीत असा एक काका असतोच! कॉम्प्युटर लॅबमध्ये होता आणि त्याचा आवाज गाडीतल्या सेल्युलर फोनवरून यायचा.

डेव्हिससमोरचा अवघड प्रश्न होता, कधी बोलायचं? वाक्य बोलायला वेळ लागतो, ऐकून समजायला वेळ लागतो आणि तेवढ्यात गाडी पुढे जाते. समृद्धीचा हिशोब करून बघा. कारला तिथे ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला साधारण 33 मीटर. चार सेकंदांची सूचना संपेपर्यंत गाडी 130 मीटरच्या पुढे गेलेली असते. त्यातलं पहिलं दीड सेकंद गाण्यात बुडालं तर 50 मीटर गेले आणि नेमका 'डावीकडे' हा शब्दही गेला.

2010: फोनला शिष्टाचार शिकवला

ऑक्टोबर 2009 मध्ये गुगलने अँड्रॉइड फोनसाठी बोलणारं नेव्हिगेशन जाहीर केलं. आता एकाच फोनमध्ये गाणं आणि रस्ता दोन्ही आले. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन ॲप, स्पीकर एक. कुणी कुणाला थांबवायचं?

2010 च्या अँड्रॉइड 2.2 मध्ये याचा नियम आला, 'ऑडिओ फोकस'. गावच्या सभेत एकच माइक असतो, तसं समजा. बोलायचं असेल तर आधी माइक मागायचा. मागायचे प्रकार वेगवेगळे. गाण्याचं ॲप म्हणतं, "मला माइक हवाय, किती वेळ ते माहीत नाही." मॅप म्हणतो, "मला थोडाच वेळ हवाय, तोवर तू हळू आवाजात चालू राहिलास तरी चालेल." या दुसऱ्या मागणीचं कोडमधलं नाव असं आहे:

```
AUDIOFOCUS_GAIN_TRANSIENT_MAY_DUCK
```

पण हा फक्त शिष्टाचार होता, सक्ती नव्हती. फोन गाण्याच्या ॲपला निरोप द्यायचा, आवाज कमी करायचं काम त्या ॲपने स्वतः करायचं. काही ॲप करायचे, काही पूर्ण थांबायचे आणि काही ढिम्म हलायचे नाहीत. जुन्या फोनवर गाणं आणि मॅप एकमेकांवर ओरडायचे, त्याचं कारण हेच.

2017 मध्ये अँड्रॉइड 8 आलं आणि हे काम सिस्टिमने स्वतःकडे घेतलं. मॅपने माइक मागितला की सिस्टिमच गाणं दाबते. त्या आवृत्तीच्या मूळ कोडमध्ये गाण्याची पातळी 1 वरून 0.2 वर नेलेली आहे, तीही एकदम नाही, उतारावरून घसरल्यासारखी. 0.2 म्हणजे साधारण 14 डेसिबल कमी. गाणं चालू आहे एवढं कळतं, शब्द मात्र मागे जातात.

मग घोळ कुठे होतो?

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा. स्टुडिओतलं यंत्र आवाज ऐकून गाणं दाबतं. फोन मात्र आवाज ऐकत नाही, तो फक्त मागणी बघतो. मॅपने माइक परत दिला नाही, तर सूचना संपली तरी गाणं दबलेलंच राहतं. गाणं बराच वेळ पुटपुटत राहिलं तर समजा की कुणीतरी माइक धरून बसलंय. मॅप बंद करून बघा. आवाज लगेच वर आला तर चोर सापडला.

दुसरं, गाणं ठराविक पातळीवर येत नाही, आहे त्याच्या पाचव्या हिश्शावर येतं. डीजेचं दणदणीत रिमिक्स दाबलं तरी बऱ्यापैकी ऐकू येतं, शांत आलाप मात्र जवळजवळ गायब होतो आणि मॅपची बाई अंगावर ओरडल्यासारखी वाटते. गाणं किती दाबायचं हे गुगल मॅप्समध्ये आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे ती बाई. नेव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये 'Guidance volume' खाली Softer, Normal आणि Louder असे पर्याय असतात. अँड्रॉइड फोनचं बाजूचं बटण दाबून हे साधत नाही, कारण फोनवर गाणं आणि सूचना एकाच मीडिया व्हॉल्यूमवर चालतात. बटणाने दोघं बरोबर वर जातात, फरक तेवढाच राहतो. म्हणून आधी गाण्याचा आवाज आवडेल तसा ठेवा, मग Louder किंवा Softer निवडा.

तिसरं आपल्यासारख्या पॉडकास्टवाल्यांचं. गाणं दबलं तर काही बिघडत नाही, पण बोलणं दबलं तर अर्धं वाक्य गिळलं जातं. त्यामुळे अँड्रॉइड 8 पासून नियम असा की ॲपने 'हे बोलणं आहे' असं सांगितलेलं असेल तर सिस्टिम ते दाबत नाही, ॲपला स्वतःहून थांबायची संधी देते. तुमचं ॲप आमचा एपिसोड थांबवून पुन्हा सुरू करत असेल तर त्याने हे नीट लिहिलंय. नुसताच आवाज खाली जात असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये शोधा, बऱ्याच ॲपमध्ये 'थांबायचं की दाबायचं' हा पर्याय असतो.

आणि तो पेनड्राइव्ह

आता माझी फजिती. डकिंग फोनच्या आत होतं. फोन फक्त फोनवरचं गाणं दाबू शकतो. मामाची गाणी पेनड्राइव्हवरून थेट स्टिरिओत जात होती. गाडीतला एफएम लावला असता तरी तेच झालं असतं. फोनने माइक मागितला, मिळालाही, पण दबायला फोनवर गाणंच नव्हतं. सूचना फोनच्या छोट्या स्पीकरमधून आली आणि गाण्यात बुडाली.

याला दोन उपाय आहेत. एक, गाणीही फोनवरूनच ब्लूटूथने लावायची, म्हणजे दोन्ही आवाज एकाच माइकखाली येतात. दोन, काही नेव्हिगेशन ॲपमध्ये सूचना ब्लूटूथ कॉलसारखी पाठवायची सोय असते. स्टिरिओला वाटतं फोन आला, तो पेनड्राइव्ह थांबवतो, सूचना ऐकवतो आणि पुन्हा गाणं सुरू करतो. म्हणजे 1974 च्या त्या कॅसेटसारखंच की! मात्र कॉल जोडायला स्टिरिओला क्षणभर लागतो, त्यात सूचनेचा पहिला शब्द तुटू शकतो. म्हणून निघण्याआधी, गाडी उभी असतानाच, मॅपच्या सेटिंगमधून चाचणीचा आवाज वाजवून बघा. पहिला शब्द पूर्ण ऐकू आला तरच पुढे.

पुढच्या महिन्यात आजीला पुन्हा न्यायचं होतं. मामाने गाणी फोनवर घेतली. निधोन्याच्या आधी गाणं दबलं, सूचना ऐकू आली, मी डावीकडे झालो. मागून आजी म्हणाली, "गाणं का रे बारीक केलंस? चांगलं चाललं होतं."

तर मंडळी, तुमच्या गाडीत कोण कुणाला दाबतं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!