शून्याखाली थंडी असताना लिथियम बॅटरी चार्ज का करू नये?

निफाडकडे काही हिवाळ्यात पारा शून्याच्या जवळ जातो. लेहमध्ये तर जानेवारीच्या रात्री तो उणे 10 अंशांच्याही खाली असतो. अशा थंडीत लिथियम बॅटरीवर दिवा लावला तर चालतो, जरा कमी वेळ टिकतो एवढंच. धोका आहे तो चार्जिंगला.

चार्जिंग करताना लिथियमचे कण बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांत शिरतात. सेल गोठलेला असला की हे आत शिरणं फार मंदावतं. चार्जर मात्र जोर लावतच राहतो. मग कण आत न जाता ग्राफाइटवरच धातू होऊन साचतात. यातलं बरंचसं लिथियम पुन्हा कामाला येत नाही, म्हणून बॅटरीची क्षमता कायमची घटते. साचलेला धातू काट्यासारखा वाढून आतल्या पडद्यापलीकडे गेला तर सेल आतून शॉर्ट होतो. फसवणूक अशी की त्या दिवशी काहीच कळत नाही. पुढे बॅटरी लवकर फुल दाखवते आणि लवकर उतरते, तेव्हा लक्षात येतं.

सोलरवाल्यांची चूक बहुतेक सकाळी होते. उन्हं पडली की पॅनल लगेच करंट देतं, पण रात्रभर गारठलेली बॅटरी आतून गरम व्हायला काही तास लागतात. त्यामुळे हवेचं नव्हे, सेलचं तापमान बघावं. बॅटरीच्या बीएमएसमध्ये, म्हणजे संरक्षक सर्किटमध्ये, थंडीत चार्जिंग तोडायची सोय आहे का, हे घेतानाच विचारावं. स्वस्तातल्या बऱ्याच बॅटऱ्यांत ती नसते. लिथियम फॉस्फेट बॅटरीला साधारणपणे 0 अंशाखाली चार्जिंग नको, उतरवणं मात्र बहुतेकांना उणे 20 पर्यंत चालतं. नेमका आकडा कंपनीच्या कागदावर पाहावा.

समजा, 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची बॅटरी आहे, वजन साधारण 12 किलो आणि सेल उणे 10 वर. ते अधिक 5 वर आणायला अंदाजे 50 वॅट-अवर उष्णता लागते. 40 वॅटचं हीटिंग पॅड खाली ठेवलं तर सव्वा तास, वाया जाणारी उष्णता धरून दोनेक तास. बॅटरीत 1280 वॅट-अवर मावतात, त्या मानाने हा खर्च किरकोळच. पॅड थर्मोस्टॅटचं हवं. नुसती गोधडी गुंडाळून बॅटरी गरम होत नाही, आधीची ऊब टिकते इतकंच. खोका थर्मोकोलने मढवावा, पण चार्जर त्यात कोंडू नये.

निफाडसारख्या ठिकाणी पॅडची गरज सहसा पडत नाही. फवारणी पंपाची बॅटरी रात्री पत्र्याच्या शेडमध्ये न ठेवता घरात आणावी आणि काही तासांनी चार्जिंगला लावावी. सेल 0 ते 10 अंशांत असतील तर करंट कमी ठेवावा. वरच्या 100 अँपिअर-अवरच्या बॅटरीला 10 अँपिअर पुरे. अर्धी उतरलेली असेल तर पाचेक तासांत भरते.