मिरजेचा बारीक सूर: किराणा आवाजाची कुळकथा

किराणा घराण्याचा जुना गवई पहिल्या आलापातच ओळखू येतो. ओळखणारा राग पाहत नाही, बंदिशही पाहत नाही. त्याच्या कानाला आधी आवाजाचा पोत लागतो. बारीक, टोकदार, गळा किंचित आवळून आणि नाकाच्या अंगाने काढलेला हा आवाज उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा. १८७२ मध्ये उत्तर भारतातील कैराना गावी त्यांचा जन्म झाला. बडोद्याच्या दरबारात काही काळ काढल्यावर सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांच्यासह ते मुंबईला निघून आले आणि पुढे मिरजेत स्थिरावले. घराण्याला नाव कैरानाचे मिळाले, पण त्याचा आवाज महाराष्ट्राच्या कानात बसला तो मिरजेतून.

जुन्या शास्त्राच्या दृष्टीने असा आवाज हा दोष होता. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत आणि नाकातून गाणारा, म्हणजे सानुनासिक गायक, त्यांत मोडतो. दात आवळून गाणारा आणि कावळ्यासारख्या आवाजाचा गायकही त्याच यादीत आहे. खुला, भरदार, छातीतून येणारा आवाज हाच चांगला, ही समजूत त्यानंतरही टिकून राहिली, आणि ग्वाल्हेरची तालीम तर त्या आवाजावरच उभी आहे. मिरज हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे गाव. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणाऱ्या बुवांची शिष्यशाखा इथेच वाढली. त्यामुळे खाँसाहेबांचा आवाज मिरजेच्या श्रोत्यांना पहिल्यांदा ऐकायला मिळाला तेव्हा त्यांच्या कानांना सवय होती ती नेमकी उलट प्रकारच्या आवाजाची.

हा आवाज कुठून आला, याचा सर्वांत पटणारा उलगडा वाद्यांत सापडतो. खाँसाहेबांच्या घराण्यात गाण्याइतकीच सारंगी आणि बीनही होती. बीनकार बंदे अली खाँ यांच्या शैलीचा किराणा गायकीवरचा ठसा सर्वमान्य आहे. खाँसाहेब स्वतः बीन वाजवत आणि तंबोऱ्याच्या दुरुस्तीतही त्यांचा हात चालत असे. तंबोऱ्याचा आवाज भरून येतो तो जवारीमुळे. घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठावर तारेखाली सुताचा दोरा सरकवला की तार घोडीला हलकेच घासत कंप पावते. मूळ स्वराच्या वरचे सूक्ष्म स्वर त्यामुळे बराच वेळ जिवंत राहतात आणि सुराला झिणझिणीत धार येते. हीच धार खाँसाहेबांच्या गळ्यात आहे. गळ्याने तारेची नक्कल केली, असे त्यांच्या गाण्याबद्दल म्हणता येते. षड्ज लागला की आवाज तंबोऱ्यात विरून जातो आणि वाद्य कुठे संपले, माणूस कुठे सुरू झाला, हे क्षणभर कळत नाही. रुंद, घुमणाऱ्या आवाजाला हे साधणे अवघड आहे. सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेत असा गवई रमला, हे स्वाभाविकच होते.

अशा आवाजात शरीरात काय घडते, हे पाहिले तर 'नाकातला आवाज' या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या दिसतात. खरा सानुनासिक आवाज निघतो तेव्हा टाळूचा मागचा मऊ भाग खाली उतरतो आणि नाकाची वाट उघडी राहते. नाकाची पोकळी घशाला जोडली गेल्यामुळे काही कंपनांचे बळ घटते आणि स्वर गुंगा, मऊ होतो. दुसऱ्या प्रकारात नाकाचा संबंध फारसा नसतो. स्वरयंत्राच्या लगेच वरची घशाची नळी आवळली जाते, त्यामुळे साधारण अडीच ते साडेतीन हजार हर्ट्झच्या टापूतील कंपने उठून दिसतात आणि आवाज पातळ पण धारदार होतो. ऐकणाऱ्याला दोन्ही 'नाकातले' वाटतात. समोर गायक असेल तर परीक्षा सोपी आहे. 'आ' वर स्वर धरायला सांगून नाकपुड्या चिमटीत धरायच्या. आवाज बदलला तर वाट खरोखर नाकातून आहे. तसाच राहिला तर कारण घशात आहे. ध्वनिमुद्रिकेवर ही सोय नाही. तिथे शब्दांकडे लक्ष द्यावे लागते: नाकाची वाट उघडी असेल तर 'ब' आणि 'द' यांची धार जाऊन ते 'म' आणि 'न' कडे झुकतात. किराणा गायकीत मात्र शब्द स्वरामागे पडतात, अर्धेमुर्धे उच्चारले जातात. ही परीक्षा त्यामुळे तिथे जपूनच वापरावी लागते. जाणकारांच्या वर्णनात खाँसाहेबांच्या आवाजाविषयी गळा आवळण्याचा उल्लेख येतो तो यासाठीच. नाकाचा भास मोठा आहे, पण त्यातला मोठा वाटा घशाचा असावा.

या आवाजाचे मोजमाप करण्याचा एक प्रयत्न याच मुलखात झाला. निवृत्त उपजिल्हाधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा शोध घेताना खाँसाहेबांचा गळा प्रमाण मानला. पेटीवर ताणलेल्या तारेखालची घोडी सरकवत जायची आणि तारेचा स्वर गायकाच्या स्वराशी तंतोतंत जुळला की तारेची लांबी मोजायची, अशी त्यांची रीत होती. १९१० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश ई. क्लेमेंट्स या कामात ओढले गेले आणि त्यांनी १९१३ मध्ये भारतीय संगीतावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तारेच्या लांबीने स्वराची उंची मिळते, दोन स्वरांमधले नाते मिळते. पण दोन गायकांनी तोच गंधार त्याच उंचीवर लावला तरी कान त्यांना वेगळे ओळखतो, आणि तो फरक तारेच्या लांबीत उतरत नाही. देवलांनी खाँसाहेबांचे स्वर मोजले. त्यांचा आवाज मोजायचे साधन तेव्हा नव्हते.

हा आवाज दूरवर पोचवला तो ग्रामोफोनने. सुरुवातीच्या तबकड्यांवर गायकाची ओळख आवाजावर सोडलेली नव्हती. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केले आणि गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव सांगितले. मूळ मुद्रणे छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना हिंदुस्थानी गायक एकमेकांपासून वेगळे ओळखणे शक्य नव्हते, म्हणून नाव तबकडीतच बोलले जाई. पुढे कागदी लेबलवर नाव छापले जाऊ लागले आणि ही प्रथा मागे पडली. पण लेबलही नेहमी खरे सांगत नसे. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे नाव होते. ते चित्रपटातील पात्राचे नाव. बालपणीची काही वर्षे सांगलीत काढलेल्या या गायिकेचे खरे नाव श्रोत्यांनी विचारून विचारून बाहेर काढले. त्या वेळी त्यांच्याकडे पुरावा म्हणून फक्त आवाज होता.

खाँसाहेबांच्या आवाजाने आणखी एक गोष्ट केली. तो एका माणसाची खूण राहिला नाही, त्याची परंपरा झाली. 'घरंदाज गायकी' या १९६१ च्या ग्रंथात वामनराव देशपांडे यांनी घराण्याचे मूळ संस्थापकाच्या आवाजात शोधले आहे: संस्थापकाचा गळा जसा, तशी त्याची गायकी घडते, आणि शिष्य गायकीबरोबर तो गळाही उचलतात. किराणा घराण्याला हे विलक्षण लागू पडते. सुरेशबाबू माने, १९०५ मध्ये मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही खाँसाहेबांची मुले. १९२२ मध्ये ताराबाई त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या, मुलांनी आईकडचे माने हे आडनाव घेतले, आणि हिराबाईंची पुढची तालीम मुख्यतः अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाली. तरीही हिराबाईंच्या बारीक, मधुर, टोकदार आवाजात वडिलांचा गळा ऐकू येतो. रक्ताचे नाते नसलेले रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, यांनी तो तालमीतून घेतला. भीमसेन जोशींनी तर खाँसाहेबांची तालीम कधीच घेतली नाही. लहानपणी ऐकलेल्या त्यांच्या झिंझोटीतील ठुमरीच्या तबकडीने त्यांना घराबाहेर काढले, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. पुढे ते सवाई गंधर्वांचे शिष्य झाले, पण त्यांचा आवाज मात्र भरदार, खुला निघाला.

म्हणूनच या खुणेवर एकटीवर विसंबून चालत नाही. बारीक, आवळलेला आवाज घराण्याकडे बोट दाखवतो, माणसाकडे नाही. गंगूबाई हनगळ सवाई गंधर्वांच्या शिष्या, पण घशाच्या दुखण्यानंतर त्यांचा आवाज जाड, जवळजवळ पुरुषी झाला. केवळ आवाजावरून ठरवायचे तर त्यांना किराणा म्हणता येणार नाही. स्वरामागून स्वर धरत जाणारी संथ बढतच त्यांचे घराणे सांगते. किशोरकुमारांच्या यॉडलिंगचा प्रकार याहून वेगळा आहे. छातीचा स्वर आणि फॉल्सेटो, म्हणजे स्वरतंतूंच्या फक्त कडा हलवून काढलेला पोकळ वरचा स्वर, यांच्यामधला सांधा लपवायचा सोडून ते उघड उडी मारून दाखवतात. ती उडी गाण्यात काही क्षणच असते आणि ठरवून टाळता येते. खाँसाहेबांच्या आवाजात असा सांधा जाणवत नाही. मंद्रापासून तार सप्तकापर्यंत तोच पातळ धागा न तुटता वर जातो आणि तारषड्जावरची पुकारही त्याच धाग्याची असते.

जुन्या तबकडीवरून ओळख पटवताना सर्वांत मोठी चूक यंत्रामुळे होते. खाँसाहेबांची पहिली मुद्रणे १९०५ च्या सुमाराची, भोंग्यात तोंड घालून केलेली. त्या भोंग्यात खालची आणि वरची कंपने बहुतेक गळून पडत आणि मधला पट्टाच उरे. त्यामुळे त्या काळचा कोणताही गवई थोडा नाकात गातो असे वाटते. खाँसाहेबांची १९३० नंतरची मुद्रणे विजेच्या मायक्रोफोनवरची आहेत. आवाजाचा निवाडा करायचा तर ती आधी ऐकावीत. दुसरी अडचण वेगाची. मिनिटाला ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांवर वाजवली की सगळे साधारण साडेपाच टक्के वर सरकते, म्हणजे जवळजवळ अर्ध्या स्वराने. पांढरी एकचा षड्ज काळी एकपाशी जाऊन बसतो. एवढ्यावर भागत नाही: घशाच्या आणि तोंडाच्या पोकळीचे घुमणेही त्याच प्रमाणात वर जाते, गायकाचा गळाच लहान झाल्यासारखा ऐकू येतो आणि साध्या आवाजालाही खोटी किराणा धार चढते. शंका आली तर वेग हळूहळू उतरवत 'आ' आणि 'ई' ऐकावेत. स्वर बोलत्या माणसाचे वाटू लागले आणि तानेची घाई गेली की वेग खऱ्याच्या जवळ आला. त्यानंतरही आवाजाची धार उरली, तरच ती गायकाची. संगतीला पेटी असेल तर तिच्या ठरलेल्या पट्ट्यांशी षड्ज ताडून पाहता येतो. पण पेट्याही तेव्हा एकाच मापात लावलेल्या नसत, त्यामुळे ही पडताळणी दुय्यमच मानावी.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमाळ कोईल स्थानकावर खाँसाहेबांचे निधन झाले. त्यांचा देह मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते आणि तिथे आजही किराणा घराण्याचे गायक हजेरी लावतात.