व्यायाम करताना पायात गोळा का येतो? केळं, पिकल ज्यूस किंवा जास्त मीठ घेऊन तो टळतो का?

जानेवारीचा तिसरा रविवार. पहाटे अजून अंधार असतानाच चिंचपोकळी स्टेशनवर रंगीत टी-शर्ट घातलेली, छातीवर नंबर लावलेली माणसं दिसायला लागतात. इथून सीएसएमटी चौथं स्टेशन, आणि मुंबई मॅरेथॉन तिथूनच सुटते. यातल्या बऱ्याच जणांच्या बॅगेत दोन केळी असतात, एखाद्याकडे मिठाची पुडी असते आणि हल्ली रील्स पाहून घेतलेली पिकल ज्यूसची छोटी बाटलीही असते. भीती एकच: परतीच्या वाटेवर पेडर रोडच्या चढावर पोटरीत गोळा आला तर?

गोळा, पेटका, वांब, क्रॅम्प, काहीही म्हणा. स्नायू आपल्या मनाविरुद्ध आखडतो, दगडासारखा घट्ट होतो आणि काही सेकंद ते काही मिनिटं सुटतच नाही. बॅगेतल्या या तीन गोष्टींपैकी नक्की कोणती कामाची?

केळ्याचं गणित

केळ्यात पोटॅशियम असतं, घामातून पोटॅशियम जातं, म्हणून केळं खा, असं सांगितलं जातं. ऐकायला पटतं. पण आकडे मांडून बघू.

समजा, धावणाऱ्याचं वजन 70 किलो आहे आणि चार तासांत त्याला तीन लिटर घाम आला. एक लिटर घामात साधारण 200 मिलीग्रॅम पोटॅशियम असतं. म्हणजे गेलं 600 मिलीग्रॅम. त्याच्या अख्ख्या शरीरात पोटॅशियम असतं सुमारे 140 ग्रॅम. जे गेलं ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

शिवाय खाल्लेलं केळं लगेच कामाला लागत नाही. अमेरिकेतले संशोधक केविन मिलर यांनी 2012 मध्ये व्यायाम केलेल्या पुरुषांना एक आणि दोन केळी खायला देऊन रक्त तपासलं. रक्तातलं पोटॅशियम किंचित वाढलं, तेही दोन केळी खाऊन तासभर गेल्यावर. तुमचा गोळा तोवर कधीच सुटलेला असतो.

केळं टाकून देऊ नका, एका केळ्यातून पंचवीसेक ग्रॅम कार्बोहायड्रेट मिळतं आणि लांब धावताना ते हवंच असतं. फक्त ते खाणं आहे, गोळ्यावरचं औषध नाही.

पिकल ज्यूस म्हणजे आपल्या लोणच्याचा खार नव्हे

इथे आधी एक घोळ मिटवू. परदेशात ज्याला पिकल ज्यूस म्हणतात ते काकडी मुरवलेलं व्हिनेगर आणि मिठाचं पाणी. आपल्या कैरीच्या लोणच्यात तेल, मोहरी आणि तिखट असतं. ते चमचाभर गिळून धावायला लागलात तर गोळ्याआधी पोटच तक्रार करेल.

याच मिलर यांचा 2010 चा प्रयोग या विषयात सगळ्यात गाजलेला आहे. घाम गाळून शरीरातलं पाणी थोडं कमी झालेल्या दहा पुरुषांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेचे हलके झटके देऊन मुद्दाम गोळा आणला गेला. मग एकदा साधं पाणी, एकदा पिकल ज्यूस दिला. प्रमाण होतं किलोमागे एक मिलीलीटर, म्हणजे आपल्या 70 किलोच्या धावपटूसाठी 70 मिलीलीटर, अर्ध्या कपाहून कमी. पिकल ज्यूसने गोळा सरासरी सुमारे दीड मिनिटात सुटला. पाण्याने सव्वादोन मिनिटं लागली.

गंमत पुढे आहे. एवढ्या वेळात ते मीठ रक्तात पोहोचलंच नव्हतं. रक्त तपासलं तर फरक दिसला नाही. मग काम कशाने झालं? अंदाज असा की व्हिनेगरचा झणका घशातल्या मज्जातंतूंना लागतो आणि तिथून निघालेला संदेश आखडलेल्या स्नायूला चालना देणाऱ्या पेशींना शांत करतो. म्हणजे हा उपाय गोळा आल्यानंतरचा आहे. आधीच पिऊन ठेवलं तर गोळा येणार नाही, असं या प्रयोगातून सिद्ध होत नाही. आणि अंगठ्यातला विजेने आणलेला गोळा म्हणजे पेडर रोडवरची थकलेली पोटरी नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं.

मिठाची गोष्ट थोडी खरी आहे

मिठाचा सल्ला खाणकामगारांकडून आलेला आहे. 1920 च्या दशकात ब्रिटनमधल्या कोळसा खाणींत कामगार लिटरच्या लिटर घाम गाळायचे, वर साधं पाणी प्यायचे आणि त्यांना गोळे यायचे. पाण्यात थोडं मीठ घातल्यावर त्रास कमी झाला. सूत तुटू नये म्हणून दमट ठेवलेल्या विणकाम खात्यांच्या गोष्टी ज्यांच्या घरात आजोबांकडून ऐकल्या गेल्या, त्या गिरणगावाला हे चित्र परकं वाटू नये.

पण मॅरेथॉनमधला नेहमीचा गोळा वेगळा दिसतो. मिठाची कमतरता असेल तर ती सगळ्या शरीरात असणार. मग फक्त उजवी पोटरीच का आखडते? दक्षिण आफ्रिकेत मार्टिन श्वेलनस आणि सहकाऱ्यांनी 210 आयर्नमॅन स्पर्धकांचा अभ्यास करून 2011 मध्ये तो प्रसिद्ध केला. गोळे आलेल्यांच्या शरीरात पाणी कमी झालं होतं असं दिसलं नाही, आणि सोडियमचाही गोळ्यांशी संबंध आढळला नाही. फरक दोन ठिकाणी होता: त्यांना आधीही गोळे येत असत, आणि ते जास्त वेगाने शर्यत करत होते.

म्हणून आज जास्त वजन थकव्याच्या स्पष्टीकरणाला आहे. स्नायूला ‘आखड’ आणि ‘सैल सोड’ असे दोन्ही संदेश सतत मिळत असतात. थकलेल्या स्नायूत पहिला वाढतो, दुसरा कमी पडतो. चढावर पोटरीला जास्त जोर लावावा लागतो, तिथे हा तोल बिघडतो.

तरी काही जणांचा घाम खरंच खारट असतो. काळा टी-शर्ट वाळल्यावर पांढरे पट्टे उमटतात, डोळे चुरचुरतात आणि गोळे एकाच जागी न येता हातापायांत, पोटातही फिरतात. अशांना लांबच्या धावण्यात ओआरएस उपयोगी पडू शकतं. पाकीट सांगितलं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच, ग्लासभर पाण्यात नाही. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. उलट भीतीपोटी प्रत्येक स्टॉलवर भरपूर पाणी पीत जाणंही धोक्याचं: रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो.

चढावर गोळा आलाच तर

कडेला या. पोटरी असेल तर फुटपाथच्या कडेवर पायाचा पुढचा भाग टेकवा आणि टाच सावकाश खाली सोडा, किंवा बसून गुडघा सरळ ठेवा आणि चवडा स्वतःकडे ओढा. झटके देऊ नका. ताण 20-30 सेकंद धरून सोडा, लागला तर पुन्हा द्या. ताणल्यामुळे ‘सैल सोड’ हा संदेश वाढतो, म्हणून सगळ्यात खात्रीचा उपाय अजूनही हाच आहे. मग थोडं चाला आणि आधीच्यापेक्षा हळू धावा, नाहीतर शंभर पावलांत तो परत येतो.

सरावात 10 किलोमीटर ज्या वेगाने केले, त्याच वेगाने 42 करायला निघालं की गोळा येण्याची शक्यता वाढते. सरावातच लांब अंतर, चढ आणि पायरीवर टाच वर-खाली करण्याचा व्यायाम असेल तर पोटरी उशिरा थकते. याने गोळे नक्की टळतात याचे पुरावे मात्र अजून थोडे आहेत.

ताणल्यावर दुखणं कमी न होता वाढलं, ‘टक्’ झाल्यासारखं वाटलं किंवा तिथे सूज आली तर तो गोळा नसून स्नायू फाटलेला असू शकतो. धावणं तिथेच थांबवा. आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा एकच पोटरी सुजून दुखत राहिली, तर केळी-मीठ बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.