एक आसन, दोन प्रवासी : आरक्षणातील दुबार नोंद आणि ओळ-लॉक यांचा इतिहास

एकच आसन दोघांना विकले जाणे हा आरक्षणव्यवस्थेतील दोष संगणकाबरोबर जन्मास आला, असा एक समज आढळतो. हा समज अर्धाच खरा आहे. कागदी व्यवस्थेतही दुबार विक्री होत असे. परंतु तिच्यापासून संरक्षण देणारा एक गुण कागदाच्या अंगी स्वभावतःच होता. तो गुण संगणकाकडे आला नाही, आणि तो बुद्धिपुरस्सर पुन्हा निर्माण करावा लागला. ‘ट्रान्झॅक्शन’ व ‘ओळ-लॉक’ या दोन कल्पनांचा इतिहास हा मुख्यतः या पुनर्निर्मितीचा इतिहास आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीची जुनी पद्धती आपण प्रथम पाहू. प्रत्येक उड्डाणाचे एक कार्ड असे. ही कार्डे एका फिरत्या पेटीत रचलेली असत आणि त्या पेटीभोवती सुमारे आठ कारकून बसत. आसन विकले की कार्डाच्या कडेवर खूण करावयाची. उड्डाण भरले की नाही, हे कार्डाकडे पाहताच कळे. या पद्धतीची मर्यादा उघड होती. पेटीभोवती आठांहून अधिक माणसे बसणे शक्य नव्हते, आणि मागणी वाढली तरी पेटी एकच राहावयाची. तथापि याच मर्यादेत तिचे बळ होते. कार्ड एका वेळी एकाच हातात असे. ज्याने ते उचलले त्याने ते पाहिले, खूण केली आणि परत ठेवले. तोवर दुसऱ्यास थांबणे भाग होते. ‘पाहणे’ आणि ‘खूण करणे’ या दोन क्रियांच्या मध्ये तिसऱ्याचा हात शिरत नसे.

भारतीय रेल्वेच्या जुन्या आरक्षणगृहांतही हेच तत्त्व निराळ्या रूपात दिसत असे. विशिष्ट गाडीचे रजिस्टर विशिष्ट खिडकीवर असावयाचे, आणि प्रवाशाने आपल्या गाडीच्या रांगेत उभे राहावयाचे. एका खिडकीसमोर शंभर माणसे व शेजारची खिडकी रिकामी, हे दृश्य त्या व्यवस्थेची अटळ किंमत होती. १९८०च्या दशकाच्या मध्यास नवी दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले व पुढे अन्य शहरांत पसरले, तेव्हा कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे आसन मिळू लागले. रजिस्टर एका खिडकीच्या ताब्यात उरले नाही. त्याबरोबरच, एका वेळी एकच हात, ही हमीही उरली नाही.

अमेरिकेत हा टप्पा याच्या बऱ्याच आधी आला होता. अमेरिकन एअरलाइन्सने १९४६ मध्ये बोस्टन येथे ‘रिझर्व्हायझर’ नावाचे विद्युत्‌यांत्रिक यंत्र बसविले, आणि १९५२ मध्ये न्यूयॉर्क येथे चुंबकीय ड्रमवर आसनसंख्या ठेवणारे त्याचे पुढचे रूप आणले. आयबीएमच्या सहकार्याने उभारलेली ‘सेबर’ ही प्रणाली १९६० मध्ये दोन ७०९० संगणकांवर सुरू झाली, व १९६४ पर्यंत तिने कंपनीचे सर्व आरक्षण आपल्याकडे घेतले. या परंपरेतून पुढे आयबीएमने जी प्रणाली घडविली, जी १९७९ पासून टीपीएफ या नावाने ओळखली जाते, तीत नोंद वाचताना तीच नोंद ‘धरून ठेवण्याची’ आज्ञा होती. कार्ड हातात घेण्याची कृती येथे आज्ञेच्या रूपाने परत आलेली दिसते. परंतु कोणती नोंद, कधी धरावी व कधी सोडावी, हा भार प्रोग्राम लिहिणाऱ्यावरच होता.

ही आज्ञा नसेल तर काय घडते, हे एका उदाहरणाने पाहू. एका गाडीतील १४ क्रमांकाचे आसन रिकामे आहे. पहिल्या खिडकीवरील कारकून नोंद वाचतो व ती रिकामी आहे असे त्यास दिसते. त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीवरूनही तीच नोंद वाचली जाते, आणि तीही रिकामीच दिसते. पहिला कारकून आपल्या प्रवाशाचे नाव लिहितो. दुसरा त्यावर आपल्या प्रवाशाचे नाव लिहितो. पहिले नाव पुसले गेले, पण पहिला प्रवासी तिकीट घेऊन निघून गेला. दोन्ही कारकुनांनी नियमानुसारच काम केले. दोष यात आहे, की संगणकात वाचणे म्हणजे वस्तू हाती घेणे नव्हे. तिची प्रत घेणे होय. प्रत कितीही जणांना एकाच वेळी घेता येते. शास्त्रात यास ‘हरवलेला बदल’ म्हणतात.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. काही प्रवासी येत नाहीत हे गृहीत धरून विमानकंपन्या आसनांहून अधिक तिकिटे जाणूनबुजून विकतात. ते व्यापारी धोरण आहे व त्याची संख्या ठरविलेली असते. प्रस्तुत दोष धोरणाचा नसून क्रियांच्या गुंफणीचा आहे, आणि तो केव्हा घडेल हे सांगता येत नाही.

या प्रश्नाला सिद्धान्ताचे रूप १९७० नंतरच्या दशकात मिळाले. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान मांडले. त्यावर आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प उभा राहिला. त्या वर्तुळातील एस्वरन, जिम ग्रे, लोरी व ट्रेगर यांनी १९७६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ट्रान्झॅक्शन म्हणजे अशा क्रियांचा गट, की जो पूर्ण झाला तर सर्वच्या सर्व, अन्यथा काहीच नाही. अनेक ट्रान्झॅक्शने एकमेकांत गुंफून चालली, तरी त्यांचा परिणाम ती एकामागून एक चालविल्यासारखाच व्हावा, ही अपेक्षा. निबंधात असे सिद्ध केले होते, की प्रत्येकाने वापरण्यापूर्वी लॉक घ्यावे, आणि एकदा कोणतेही लॉक सोडल्यावर नवे लॉक घेऊ नये, एवढे दोन नियम पाळले तर ही अपेक्षा पूर्ण होते. ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सुमारास, लॉक संपूर्ण तक्त्यावर असावे की एका ओळीवर, याचाही विचार केला. तक्त्यावरचे लॉक म्हणजे पुन्हा एकच पेटी. ओळीवरचे लॉक म्हणजे एकेक कार्ड.

आजच्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वरील उदाहरण असे लिहिले जाईल :

```sql
BEGIN;
SELECT status FROM seat
 WHERE train_no = 101 AND seat_no = 14
   FOR UPDATE;
UPDATE seat SET status = 'BOOKED'
 WHERE train_no = 101 AND seat_no = 14;
COMMIT;
```

`FOR UPDATE` या दोन शब्दांत सर्व मर्म आहे. पहिल्या ट्रान्झॅक्शनने ओळ लॉक केली की दुसरे त्याच आज्ञेवर थांबते. पहिल्याचे `COMMIT` होताच दुसऱ्यास ओळ मिळते. परंतु नेहमीच्या `READ COMMITTED` पातळीवर ती नव्याने वाचली जाते, आणि `BOOKED` दिसते. अर्थात्, वाचलेली स्थिती तपासून मगच `UPDATE` करावयाचे, हे प्रोग्रामचे काम राहते. हे शब्द नसते, तर दोघांनाही जुनी स्थिती दिसली असती. केवळ `BEGIN` व `COMMIT` लिहिल्याने, या पातळीवर, दुबार नोंद टळत नाही. हा गैरसमज अनुभवी लोकांतही आढळतो.

तथापि ओळ-लॉकची खरी मर्यादा निराळीच आहे. आसनाची ओळ आधीपासून तक्त्यात असते. सभागृहाच्या आरक्षणाची ओळ मात्र आरक्षण झाल्यावरच जन्मते. एका सभागृहासाठी एक अर्जदार १२ ते १५ मे मागतो, दुसरा १४ ते १६ मे. दोघांची ट्रान्झॅक्शने या काळात आधीचे आरक्षण आहे काय, हे `FOR UPDATE` लावून विचारतात. एकही ओळ सापडत नाही. म्हणून एकही ओळ लॉक होत नाही. दोघेही आपापली ओळ घालतात, आणि १४ तारखेस सभागृह दोघांचे होते. अस्तित्वात नसलेल्या ओळीला कुलूप लावता येत नाही. १९७६ च्या त्याच निबंधात अशा ओळींना ‘छाया’ या अर्थाचे नाव देऊन, ओळीऐवजी अटीलाच लॉक लावण्याचा उपाय सुचविला होता. दोन अटी एकमेकींस छेदतात की नाही हे ठरविणे सामान्यतः फार खर्चिक असल्याने, तो उपाय मूळ रूपात व्यवहारात रुजला नाही.

व्यवहारात आज तीन मार्ग दिसतात. पहिला, सभागृहांच्या तक्त्यात त्या सभागृहाची जी एक ओळ कायम असते ती आधी लॉक करावी. म्हणजे त्या सभागृहाचे सर्व अर्ज एका रांगेत येतात. हे जुन्या रजिस्टरचेच तत्त्व होय. दुसरा, ट्रान्झॅक्शन `SERIALIZABLE` पातळीवर चालवावे. पोस्टग्रेसने २०११ मध्ये आपल्या ९.१ आवृत्तीत ही पातळी खऱ्या अर्थाने अंमलात आणली. येथे दोहोंपैकी एक ट्रान्झॅक्शन `40001` या क्रमांकाच्या त्रुटीने रद्द होते आणि ते आरंभापासून पुन्हा चालवावे लागते. तिसरा, नियमच तक्त्यात कोरावा :

```sql
CREATE EXTENSION btree_gist;
ALTER TABLE booking ADD CONSTRAINT no_overlap
  EXCLUDE USING gist
  (hall_id WITH =, during WITH &&);
```

सभागृह तेच व कालखंड परस्परांस छेदणारे, अशी दुसरी ओळ घालू पाहताच डेटाबेस ती नाकारतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तिसरा मार्ग अधिक विश्वसनीय आहे. कारण पहिले दोन प्रत्येक प्रोग्रामने पाळावयाचे संकेत आहेत, आणि एकाने जरी ते विसरले तरी हमी संपते. तिसरा मार्ग विसरता येत नाही. तो २०१० च्या ९.० आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

लॉकपासून उद्भवणाऱ्या दोन नव्या अडचणींचा उल्लेख केल्यावाचून हा वृत्तान्त पूर्ण होणार नाही. एका कुटुंबास १४ व १५ ही आसने हवीत आणि दुसऱ्यासही तीच. पहिल्याने १४ लॉक केले व दुसऱ्याने १५, तर दोघेही परस्परांची वाट पाहत राहतील. डेटाबेस ही कोंडी ओळखून एकास रद्द करतो. पण सर्वांनी आसने क्रमांकाच्या चढत्या क्रमानेच लॉक केली, तर ती उद्भवतच नाही. दुसरी अडचण माणसाच्या गतीची. प्रवासी पैसे भरेपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडे ठेवणे म्हणजे तो खिसे चाचपीत असता कारकुनाने कार्ड हातात धरून बसणे होय. म्हणून आसनाच्या ओळीत ‘अमुक वेळेपर्यंत राखीव’ अशी नोंद एका छोट्या ट्रान्झॅक्शनने करून ते बंद करावे, व पैसे आल्यावर दुसऱ्याने, ती मुदत अद्याप उलटलेली नाही हे पुन्हा लॉकखाली तपासून, विक्री पक्की करावी. ही तपासणी गाळली, तर मुदत उलटल्यावर तेच आसन दुसऱ्यास गेलेले असते आणि पैसे दोघांचे घेतलेले असतात.

यावरून निष्कर्ष असा निघतो, की आरक्षणव्यवस्थेचा विस्तार प्रत्येक वेळी एकच सौदा करीत आला : अनेकांना एकाच वेळी पाहता यावे म्हणून वस्तूवरील एकाधिकार सोडावयाचा, आणि मग लिहिण्याच्या क्षणापुरता तो परत मिळवावयाचा. फिरत्या पेटीने तो तक्त्याभर दिला, ओळ-लॉकने तो एका आसनापुरता आणला. जेथे आसनालाच अद्याप ओळ नाही, तेथे हा एकाधिकार ओळीवर नव्हे, नियमावर ठेवावा लागतो. आणि आरक्षणाच्या तक्त्यांची रचना करणाऱ्याने सर्वप्रथम हाच प्रश्न विचारावयास हवा, की जिचे रक्षण करावयाचे ती ओळ तपासणीच्या वेळी अस्तित्वात आहे काय.